गिरगावातला सॅव्हाना

माझा मावसभाऊ लालबागला राहतो आणि गेली दोन वर्षं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतोय. मी गिरगावातला, पेशानं सॉफ्टवेअर इंजिनियर. भूगोल दहावीनंतर सुटला तो सुटलाच. पण घरात ‘आकडे कळणारा’ अशी माझी ख्याती असल्यामुळे आलेख, टक्केवारी असलं काही आलं की तो मला फोटो काढून पाठवतो.

एका रविवारी असाच एक फोटो आला. खाली जानेवारी ते डिसेंबर. जून ते सप्टेंबर चार उंच निळे खांब, ऑक्टोबरला एक ठेंगणा, बाकी जवळजवळ काही नाही. वरून एक लाल रेघ जरा वरखाली होत गेलेली. प्रश्न होता : ‘हे ठिकाण कोणत्या हवामान प्रकारात मोडते?’ चार पर्याय.

मी विचारही केला नाही. “अरे, ही आपली मुंबई. मोसमी लिही.”

दहा मिनिटांनी उत्तर आलं : “दादा, चुकलं. उत्तर Aw आहे. उष्णकटिबंधीय सॅव्हाना.”

सॅव्हाना म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर जिराफ येतो. ज्या शहरात जुलै महिन्यात हिंदमाताला गुडघाभर पाणी साचतं, ते शहर सॅव्हाना? मी ठामपणे म्हणालो, उत्तरपत्रिका चुकली आहे. तो म्हणाला, “सिद्ध करून दाखव.” पैज लागली. पुढचे दोन रविवार त्यात गेले, आणि शेवटी पैज मी हरलो. पण हरताना जे कळलं ते सांगण्यासारखं आहे.

आधी आलेख वाचू

अशा आलेखाला हवामान आलेख किंवा क्लायमोग्राफ म्हणतात. त्यात दोन गोष्टी एकत्र असतात : खांब म्हणजे त्या महिन्याचा सरासरी पाऊस, रेघ म्हणजे त्या महिन्याचं सरासरी तापमान. दोघांच्या मोजपट्ट्या वेगळ्या. एक डावीकडे अंशांत, दुसरी उजवीकडे मिलिमीटरमध्ये. पहिली चूक इथेच होते. रेघ खांबांच्या वर दिसते म्हणून तापमान पावसापेक्षा ‘जास्त’ आहे असं काही नसतं. त्या दोघांची गाठ फक्त कागदावर पडलेली असते.

कुलाब्याच्या वेधशाळेचे अलीकडच्या तीस वर्षांच्या सरासरीचे आकडे ठोकळमानानं असे आहेत. पाऊस जूनमध्ये ५००, जुलैत ७५०, ऑगस्टमध्ये ४७५, सप्टेंबरमध्ये ३५० मिलिमीटर. ऑक्टोबरमध्ये शंभराच्या आत. उरलेल्या सात महिन्यांचा मिळून वीस-पंचवीस मिलिमीटर होईल न होईल. वर्षाची बेरीज साधारण २२०० मिलिमीटर.

आता लाल रेघ. जानेवारीत सरासरी साडेचोवीस अंश. तिथून ती चढत मे महिन्यात साडेतीसपर्यंत जाते. मग जूनपासून खाली येते आणि ऑगस्टमध्ये साडेसत्तावीसच्या आसपास टेकते. ऑक्टोबरमध्ये पुन्हा चढून एकोणतीस. मग हिवाळा. म्हणजे रेघेला एक नाही, दोन शिखरं आहेत. पाऊस जिथे सर्वांत जास्त, बरोबर तिथे रेघेला खळगा पडलेला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ढग ऊन अडवतात. ते हटले की ‘ऑक्टोबर हीट’. नाव पुसलेलं असलं तरी हा खळगा ‘इथे उन्हाळा पावसानं तोडला आहे’ हे सांगून जातो.

दुसरी खूण म्हणजे रेघेचा सपाटपणा. सर्वांत थंड आणि सर्वांत गरम महिन्यात फरक जेमतेम सहा अंशांचा. नागपूरच्या रेघेत हाच फरक चौदा-पंधरा अंशांचा निघतो. सपाट रेघ म्हणजे जवळ समुद्र आहे.

इथवर मी बरोबर होतो. ठिकाण मुंबईसारखंच होतं. चूक त्याच्या पुढच्या उडीत झाली.

नियम काय म्हणतो?

परीक्षेत विचारलेले Aw, Am हे शब्द व्लादिमीर कोपेन या हवामानशास्त्रज्ञाच्या पद्धतीतले आहेत. कोपेनचा जन्म १८४६ साली रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचा. पुढची कारकीर्द जर्मनीतली. त्यानं १८८४ साली पृथ्वीचे उष्णतेचे पट्टे मांडले, १९०० साली वनस्पतींच्या आधारे हवामानाचं वर्गीकरण केलं आणि १९३६ सालापर्यंत तो ते दुरुस्त करत राहिला. वर्गीकरणाचा पाया वनस्पती, ही गोष्ट लक्षात ठेवा. सगळी गोम तिथे आहे.

त्याच्या नियमांतून मुंबई एकेक पायरीनं नेऊ.

पहिली पायरी : ठिकाण कोरडं आहे का? पाऊस प्रामुख्यानं उन्हाळी सहामाहीत पडत असेल, तर वर्षाच्या सरासरी तापमानाला २० नं गुणायचं आणि २८० मिळवायचे. मुंबईची वार्षिक सरासरी २७.६ धरली तर उत्तर येतं साधारण ८३०. वर्षाचा पाऊस यापेक्षा कमी असता तर मुंबई कोरड्या गटात गेली असती. आपल्याकडे २२०० आहे. पास. (पुण्याला हाच हिशेब लावून बघा. तिथे उत्तर ७८० च्या आसपास येतं आणि पाऊसही साधारण तेवढाच. त्यामुळे पुणे काठावर उभं आहे. पुणेकरांना हे सांगायची जबाबदारी मी घेत नाही.)

दुसरी पायरी : सर्वांत थंड महिना १८ अंशांच्या वर आहे का? साडेचोवीस. आहे. म्हणजे A, उष्णकटिबंधीय.

तिसरी पायरी : सर्वांत कोरड्या महिन्यात ६० मिलिमीटर तरी पाऊस पडतो का? पडत असेल तर Af, बारमाही पावसाचं वर्षावन. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये एक मिलिमीटरही सरासरी निघत नाही. नापास.

चौथी पायरी निर्णायक. वर्षाच्या पावसाला २५ नं भागायचं आणि ते उत्तर १०० मधून वजा करायचं. सर्वांत कोरड्या महिन्याचा पाऊस या आकड्याइतका किंवा जास्त असेल तर Am, म्हणजे उष्णकटिबंधीय मोसमी. कमी असेल तर Aw, सॅव्हाना.

मुंबईसाठी : २२०० भागिले २५ म्हणजे ८८. शंभरातून ८८ गेले, उरले १२. सर्वांत कोरड्या महिन्यात निदान १२ मिलिमीटर हवा होता. आहे शून्याच्या जवळ. निकाल : Aw.

सवयीनं मी हे कोडमध्येही लिहून पाहिलं.

```python
def a_type(p):   # p: १२ महिन्यांचा पाऊस, मिमी
    total, dry = sum(p), min(p)
    if dry >= 60:
        return "Af"
    if dry >= 100 - total / 25:
        return "Am"
    return "Aw"
```

आकडे मागेपुढे करून पाहिले, ऑक्टोबरला थोडा उदारपणा दाखवला, तरी Aw च. भावाला स्क्रीनशॉट पाठवला नाही.

यातून एक व्यावहारिक गोष्ट मात्र कळली. हा निर्णय नुसत्या नजरेनं होणारच नव्हता. आलेखाची उजवी मोजपट्टी शून्य ते ८०० मिलिमीटरची आणि फोनवर त्याची उंची आठ सेंटिमीटर असेल, तर निर्णायक ठरणारे १२ मिलिमीटर पडद्यावर जेमतेम सव्वा मिलिमीटर उंच दिसतात. डोळा जातो जुलैच्या खांबाकडे, आणि निकाल लागतो मार्चच्या न दिसणाऱ्या खांबावर. म्हणून मोठ्या पावसाच्या ठिकाणचा आलेख आला की आधी छोटे महिने बघायचे आणि वर्षाची बेरीज करायची.

मग रत्नागिरी वेगळी कशी?

भाऊ गप्प बसणारा नव्हता. आमचं दोघांचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात. त्यानं विचारलं, “गणपतीला आपण गावी जातो तिथलं काय? तिथेही मार्चमध्ये थेंब नसतो. मग तेपण सॅव्हाना?”

प्रश्न चांगला होता. रत्नागिरीचा आलेख काढला तर आकार अगदी मुंबईचाच. तेच चार खांब, तेच कोरडे महिने, रेघेत तोच खळगा. फक्त खांब उंच. वर्षाचा पाऊस तीन हजारांच्या पुढे. आता ३२०० धरून चौथी पायरी करा : ३२०० भागिले २५ म्हणजे १२८. शंभरातून १२८ वजा केले की उत्तर ऋण येतं. पाऊस ऋण असू शकत नाही. म्हणजे मार्चमध्ये शून्य पाऊस असला तरी रत्नागिरी पास. Am, मोसमी!

म्हणजे सीमारेषा नेमकी २५०० मिलिमीटरवर आहे. वर्षाला तेवढा पाऊस पडत असेल तर कोरडा महिना कितीही कोरडा असो, चालतो. त्याखाली मात्र कोरड्या महिन्याला हिशेब द्यावा लागतो.

हे विचित्र वाटतं, पण कोपेन झाडांच्या बाजूनं विचार करत होता. पावसाळ्यात जमिनीत इतकं पाणी मुरलं की त्याच्या जोरावर सदाहरित झाडं कोरडे महिने काढू शकतील का, हा त्याचा प्रश्न. पाऊस भरपूर असेल तर मोठी कोरड चालते. कमी असेल तर कोरड्या महिन्यातही थोडा पाऊस हवा. १००, २५ हे आकडे त्या अदलाबदलीचा भाव ठरवतात.

मुंबईतली झाडं याला दुजोरा देतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातलं जंगल पानझडीचं आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर काटेसावर, पांगारा पानं टाकून फुलांनी लाल होतात. आपल्याला ते सुंदर दिसतं. झाडाच्या दृष्टीनं ती पाण्याची काटकसर आहे. जिराफ नसला तरी Aw ची सही झाडांवर आहे.

मग शाळेत शिकवलेलं ‘मोसमी हवामान’ खोटं होतं का? नाही. मोसमी ही गोष्ट वाऱ्यांवरून ठरते. अर्धं वर्ष नैर्ऋत्येकडून समुद्रावरचे वारे, अर्धं वर्ष ईशान्येकडून जमिनीवरचे. त्या अर्थानं मुंबई शंभर टक्के मोसमी आहे. पण हवामान आलेखात वारा कुठेच नसतो. दोनच गोष्टी असतात, पाऊस आणि तापमान. पुसलेल्या नावाच्या आलेखात मी जो मोसमी वारा पाहिला, तो माझ्या डोक्यातला होता. आलेखात तो काढलेलाच नव्हता.

हे आकडे कुणी मोजले?

पैज हरल्यावर माझं कुतूहल दुसरीकडे वळलं. या बारा खांबांमागे कुणीतरी रोज मोजमाप केलं असणार.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ साली सुरू केली, ती हवामानासाठी नव्हे. खगोलीय वेध घ्यायचे आणि बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ द्यायची, हा हेतू. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या आणि हवामानाच्या नियमित नोंदी १८४१ पासूनच्या. त्या सुरुवातीच्या काळात आपली दोन ओळखीची माणसं तिथे होती. एक ‘दर्पण’वाले बाळशास्त्री जांभेकर, ज्यांनी एल्फिन्स्टनमध्ये शिकवता शिकवता वेधशाळेचं कामही पाहिलं. दुसरे केरूनाना छत्रे, जे अगदी तरुण वयात तिथे मदतनीस म्हणून लागले आणि पुढे मराठीतले मोठे गणिती आणि ज्योतिर्विद झाले. १८९६ साली नानाभाई मूस हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

त्यांच्या काळात एक पेच आला. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या, आणि विजेच्या प्रवाहानं चुंबकीय उपकरणांच्या नोंदी बिघडल्या असत्या. म्हणून चुंबकत्वाचं काम १९०४ साली अलिबागला हलवलं. हवामानाच्या नोंदी मात्र कुलाब्यालाच राहिल्या. आपल्या आलेखासाठी हे फार मोलाचं ठरलं, कारण पर्जन्यमापक काही किलोमीटर हलवला तरी जुने आणि नवे आकडे एका माळेत ओवता येत नाहीत.

मोजण्याची पद्धत आजही साधी आहे. रोज सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजायचा. झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेल्या तापमापकांवरून दिवसाचं कमाल आणि किमान तापमान टिपायचं. दोघांची सरासरी म्हणजे त्या दिवसाचं तापमान. महिन्याच्या दिवसांची सरासरी, मग तीस वर्षांतल्या त्या महिन्याची सरासरी. तेव्हा कुठे रेघेवरचा एक ठिपका तयार होतो.

आणि प्रत्येक सरासरीत काहीतरी झाकलं जातं. जूनचा ५०० चा खांब बघून वाटतं, महिनाभर पाऊस पडतो. प्रत्यक्षात मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. म्हणजे तो खांब बहुतांशी वीस दिवसांचा आहे. आमची आजी मृग नक्षत्राकडे डोळे लावून बसायची, म्हणजे सात-आठ जूनपासून. जानेवारी-डिसेंबरच्या खणांपेक्षा तिचे खण पावसाशी जास्त जुळणारे होते.

२६ जुलै

आता शेवटचं, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं.

२००५ साली मी आठ वर्षांचा होतो. बाबा तेव्हा साकीनाक्याला कामाला होते. २६ जुलैच्या संध्याकाळी ते घरी आले नाहीत. फोन लागत नव्हते. गिरगावात पाऊस होता, पण जुलैत असतो तसा. गॅलरीतून हात बाहेर काढून आई म्हणाली, “एवढ्याशा पावसात गाड्या कशा बंद पडतील?” रात्री अकरा वाजता ती घाबरली नव्हती, चिडली होती. पहाटे मात्र देवापुढे बसलेली मला आठवते. बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी आले, बराच रस्ता चालत. पावलांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली होती. आई आधी भांडली, मग रडली.

त्या चोवीस तासांत कुलाब्याला ७३ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. सांताक्रूझला ९४४. दोन वेधशाळांत अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर. आईचा हात कुलाब्याचा पाऊस मोजत होता आणि बाबा सांताक्रूझच्या पावसात होते. मोजमाप दोघांचंही बरोबर होतं.

हा दिवस आलेखात कुठे दिसतो? ९४४ ला तीस वर्षांनी भागा. साधारण ३१ मिलिमीटर. सांताक्रूझच्या जुलैच्या खांबात फक्त एवढीच भर. फोनवर ती आपल्या मघाच्या मापानं तीन मिलिमीटर. त्या दिवशी शहरात शेकडो माणसं गेली, आणि तीस वर्षांच्या आलेखात तो दिवस खांबाच्या टोकावरची एक पातळ चकती आहे.

पण हीच चकती दुसरीकडे वजनदार ठरू शकते. सांताक्रूझचा वर्षाचा पाऊस कुलाब्यापेक्षा जास्त, म्हणजे २५०० च्या त्या सीमारेषेपासून फार लांब नाही. काठावरच्या ठिकाणी वर्षाच्या सरासरीत ३१ मिलिमीटरची भर पडली तर तेवढ्यानं Aw चं Am होऊ शकतं. १९७१ ते २००० ची सरासरी घेतली तर त्यात तो दिवस नाही; १९८१ ते २०१० किंवा १९९१ ते २०२० ची घेतली तर आहे. म्हणून अक्षर लिहिताना कुठली वेधशाळा आणि कुठली तीस वर्षं हे शेजारी लिहावं. नाहीतर ‘मुंबईचं हवामान’ हा शब्द आईच्या हाताइतकाच अपुरा आहे.

हे सगळं मी भावाला त्याच्या चाळीच्या गॅलरीत बसून सांगितलं. पैजेची मिसळ माझ्या खर्चानं झाली होती. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग लालबागचा आलेख कुठाय? कुलाबा त्या टोकाला, सांताक्रूझ या टोकाला. परळ, दादर, लालबाग मधे.”

तीस वर्षांचा असा आलेख लालबागला नाही. २००५ नंतर महापालिकेनं शहरात ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, त्यांच्या नोंदींना अजून तीस वर्षं व्हायची आहेत. ती पुरी होईपर्यंत मधल्या मुंबईला या किंवा त्या टोकाचे आकडे उसने घ्यावे लागतात.

“आणि पेपरात आलं तर?” त्यानं विचारलं.

“खांबांची बेरीज कर. अडीच हजारांच्या खाली आणि मार्च कोरडा, तर Aw लिही.”

त्यानं वहीत लिहून घेतलं. खाली कुणीतरी पावसाळ्याआधी पत्र्यावर निळी ताडपत्री बांधत होतं. लालबागचा पाऊस किती, याचा त्याचा अंदाज आमच्यापेक्षा पक्का असणार.